शून्य रेखांश ग्रीनिचलाच का? मूळ रेखावृत्ताच्या निवडीची गोष्ट

डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की मूळ रेखावृत्त ग्रीनिचहून उज्जैनला आणण्यासाठी त्यांचे सरकार प्रयत्न करील. पुढच्याच वर्षी एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात उज्जयिनीवरून जाणाऱ्या प्राचीन भारतीय मध्यरेषेचा उल्लेख आला. तेव्हापासून हा प्रश्न अधूनमधून चर्चेत येतो आणि त्याची उत्तरे बहुतेक वेळा अभिमानाच्या किंवा चेष्टेच्या सुरात दिली जातात. दोन्ही सुरांत मूळ मुद्दा बाजूला पडतो. पृथ्वीवर शून्य रेखांश कुठे असावा हे कुणी शोधून काढलेले नाही. ते १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये मतदानाने ठरले. ते मतदान कशावरून झाले, त्याची गरज का पडली आणि हरलेल्या बाजूचे म्हणणे काय होते, ते या लेखात पाहू.

## विषुववृत्त आपोआप मिळते, मूळ रेखावृत्त मिळत नाही

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून तिला दोन ध्रुव आहेत. दोन ध्रुव आहेत, म्हणून त्यांच्या बरोबर मध्ये विषुववृत्त आहे. अक्षांशांचे शून्य निसर्गानेच नेमून दिलेले असल्यामुळे त्यावरून कधी भांडण झाले नाही. रात्री ध्रुवतारा क्षितिजापासून किती अंश वर दिसतो हे मोजले की आपला अक्षांश जवळजवळ हाती येतो, आणि त्यासाठी दुसऱ्या कुठल्याही गावाची माहिती लागत नाही.

रेखांशांचे तसे नाही. उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत काढलेल्या उभ्या अर्धवर्तुळाला रेखावृत्त म्हणतात, आणि अशी सगळी रेखावृत्ते एकमेकांसारखीच असतात. कोल्हापूरच्या रेखावृत्तात असे काहीही नाही की जे कैरोच्या रेखावृत्तात नाही. गोल टेबलाभोवती बसलेल्या पंगतीत पहिले पान कोणाचे, असे विचारले तर वाढपी जिथून सुरुवात करील तेच पहिले, याखेरीज दुसरे उत्तर देता येत नाही. तसाच हा प्रकार आहे. ज्या रेखावृत्तापासून मोजायला सुरुवात करायची त्याला मूळ रेखावृत्त म्हणतात, आणि त्यापासून पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेले कोनीय अंतर म्हणजे रेखांश. अंशाच्या साठाव्या भागाला आपल्याकडे कला म्हणतात. वेळेच्या मिनिटांशी घोटाळा होऊ नये म्हणून पुढे हाच शब्द वापरला आहे.

## उज्जयिनीची रेषा खरी होती का?

होती, आणि तिचा उपयोग स्पष्ट होता. सूर्यसिद्धान्तासारख्या ग्रंथांत ग्रहांची गणिते एका ठरावीक रेषेसाठी मांडलेली असतात. ही रेषा विषुववृत्तावर कल्पिलेल्या लंकेपासून उज्जयिनी आणि कुरुक्षेत्रावरून मेरूकडे जाते, असे ते ग्रंथ मानतात. पंचांगकर्त्याचे गाव या रेषेच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर त्याला गणितात दुरुस्ती करावी लागते आणि त्या दुरुस्तीला देशांतर संस्कार म्हणतात. पृथ्वी २४ तासांत, म्हणजे ६० घटकांत, ३६० अंश फिरते. म्हणून एका अंशाला वेळेची ४ मिनिटे किंवा १० पळे पडतात. कुलाब्याचा रेखांश आजच्या मोजणीने ७२ अंश ४९ कला आहे आणि उज्जैनचा सुमारे ७५ अंश ४६ कला. फरक २ अंश ५७ कलांचा, म्हणजे साडेएकोणतीस पळांचा. मुंबईचा मध्यान्ह उज्जैनच्या मध्यान्हानंतर सुमारे पावणेबारा मिनिटांनी होतो.

आता हे अंतर घड्याळाशिवाय मोजायचे कसे? सूर्यसिद्धान्ताने त्यासाठी चंद्रग्रहणाचा उपाय सांगितला आहे. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो तो क्षण जिथून चंद्र दिसतो अशा सगळ्या गावांना एकच असतो. मध्यरेषेसाठी गणिताने काढलेल्या वेळेपेक्षा आपल्या गावी ग्रहण उशिरा दिसले तर आपले गाव पूर्वेला आहे, लवकर दिसले तर पश्चिमेला आहे. युक्ती निर्दोष आहे, पण ती वर्षातून एखाद-दोनदाच वापरता येते, आणि सावलीची कडा पुसट असल्यामुळे नेमका क्षण पकडताना मिनिटा-दोन मिनिटांची चूक सहज होते. त्या चुकीची खूण त्या रेषेवरच दिसते. उज्जैन आणि कुरुक्षेत्र एकाच रेखावृत्तावर मानले गेले, पण आजच्या मोजणीने कुरुक्षेत्र जवळपास एक अंश पूर्वेला आहे. तिथल्या अक्षांशावर हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. पंचांगासाठी ४ मिनिटांचा हा फरक चालून गेला. खडक चुकवत किनाऱ्याला लागणाऱ्या जहाजाला तो चालला नसता.

## जहाजावर रेखांश कसा काढत

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खोल समुद्रातल्या कप्तानाजवळ तीन वस्तू असत आणि तिन्ही मिळून एक संच असे. पहिली वस्तू क्रोनोमीटर, म्हणजे जहाज हलले, हवा तापली किंवा गार झाली तरी चाल न सोडणारे घड्याळ. हे घड्याळ आपल्या मूळ रेखावृत्ताची वेळ दाखवत ठेवायचे आणि वाटेत कधीही स्थानिक वेळेला लावायचे नाही. दुसरी वस्तू दर्यावर्दी पंचांग, म्हणजे कोणत्या क्षणी सूर्य, चंद्र आणि तारे कुठे असतील हे देणारी कोष्टके. तिसरी वस्तू सागरी नकाशा.

समजा जहाज अरबी समुद्रात आहे. कप्तान सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजतो आणि जहाजावरची स्थानिक वेळ दुपारचे १२ आहे असे ठरवतो. त्या क्षणी क्रोनोमीटरमध्ये ग्रीनिचचे सकाळचे ७ वाजून २० मिनिटे झाले आहेत. फरक ४ तास ४० मिनिटांचा. तासाला १५ अंश या हिशेबाने जहाज ग्रीनिचच्या पूर्वेला ७० अंशांवर आहे. एवढे सोपे गणित असताना पंचांग कशाला, असे वाटेल. पण सूर्य वर्षभर घड्याळाच्या चालीने चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो. ही दुरुस्ती पंचांगातून घेतली नाही तर ४ अंशांची चूक होते, आणि मुंबईच्या अक्षांशावर ४ अंश म्हणजे चारशे किलोमीटरहून अधिक.

इथे गोम अशी की पंचांगातली कोष्टके कुठल्या तरी एका ठिकाणच्या वेळेसाठीच छापावी लागतात. इंग्लंडचे नॉटिकल अल्मनॅक १७६७ सालापासून निघू लागले. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांनी त्यात चंद्र आणि तारे यांच्यातील अंतरांची कोष्टके ग्रीनिचच्या वेळेने दिली. महागडे क्रोनोमीटर नसलेल्या जहाजालाही त्यांवरून वेळ काढता येई. ती कोष्टके इतकी सोयीची होती की फ्रान्सच्या सरकारी पंचांगानेही काही वर्षे तीच उतरवून घेतली. पंचांग ग्रीनिचचे घेतले की घड्याळ ग्रीनिचचे लावावे लागते, आणि घड्याळ ग्रीनिचचे असले की नकाशाही ग्रीनिचवरून मोजलेला बरा पडतो. ग्रीनिचचा पुढचा सारा जोर या साखळीतून आला.

## एकाच समुद्रात अकरा शून्ये

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सागरी नकाशांवर अकरा वेगवेगळी मूळ रेखावृत्ते वापरात होती. ग्रीनिच आणि पॅरिस ही मोठी. त्यांच्याबरोबर स्पेनचे काडिझ, पोर्तुगालचे लिस्बन, रशियाचे पुल्कोवा, ब्राझीलचे रिओ, शिवाय नेपल्स, स्टॉकहोम, कोपनहेगन अशी आणखी.

यात गोंधळ कसा होतो ते मुंबईचेच उदाहरण घेऊन पाहू. पॅरिस ग्रीनिचच्या पूर्वेला २ अंश २० कलांवर आहे. त्यामुळे इंग्रजी नकाशावर ७२ अंश ४९ कलांवर असलेला कुलाबा फ्रेंच नकाशावर ७० अंश २९ कलांवर येतो. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. आता एखाद्या खलाशाने इंग्रज कप्तानाकडून ऐकलेला ७२ अंश ४९ कलांचा आकडा फ्रेंच नकाशावर टिपला, तर १९ अक्षांशाजवळ २ अंश २० कला म्हणजे सुमारे २४५ किलोमीटर. त्याच्या नकाशावर मुंबई बंदर सह्याद्री ओलांडून थेट पाथर्डीच्या आसपास जाऊन बसेल. एवढी ढोबळ चूक कोणाच्याही लक्षात येईल. उलट बाजूची चूक मात्र लक्षात येत नाही. मुंबईजवळ पोचलेल्या कप्तानाने आपल्या जहाजाच्या जागेचा फ्रेंच आकडा इंग्रजी नकाशावर टिपला तर खूण मोकळ्या अरबी समुद्रात पडते आणि तिथे शंका यावी असे काहीच नसते. किनारा अजून २४५ किलोमीटर दूर आहे असे समजून कप्तान रात्री शिडे भरलेली ठेवील, आणि किनारा मात्र समोरच असेल.

## मग वजाबाकी करून का भागत नव्हते?

हा आक्षेप त्या काळीही घेतला जात असे, आणि वरवर पाहता तो रास्त आहे. २ अंश २० कला वजा करणे शाळकरी मुलालाही जमते. अडचण दोन ठिकाणी होती.

पहिली अडचण अशी की हातातला आकडा कुठल्या शून्यापासून मोजलेला आहे हे प्रत्येक वेळी लिहिलेले असेलच असे नाही. समुद्रात दोन जहाजे भेटली की एकमेकांना आपापला रेखांश सांगत आणि आपल्या घड्याळाची चाल पडताळून पाहत. तिथे ‘कुठल्या रेषेपासून’ हे शब्द गळाले की सगळाच हिशेब फसला.

दुसरी अडचण खोलवरची होती. दोन मूळ रेखावृत्तांमधले अंतर हेही मोजूनच काढावे लागते आणि मोजमाप सुधारले की ते बदलते. याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅनरी बेटांपैकी फेरो, म्हणजे आजचे एल हिएरो. हे बेट जुन्या युरोपला ठाऊक असलेल्या जगाच्या पश्चिम टोकाला असल्यामुळे तिथून मोजले की सगळी जमीन पूर्वेला येई. फ्रान्सचा राजा तेरावा लुई याने १६३४ साली फर्मान काढून फेरोचीच रेषा मूळ मानायला लावली. पण फेरोवर वेधशाळा नव्हती, आणि पॅरिस ते फेरो अंतर कधी एवढे, कधी तेवढे निघत राहिले. शेवटी नकाशाकारांनी सरळ असे धरले की फेरो पॅरिसच्या पश्चिमेला बरोबर २० अंशांवर आहे. खरे बेट त्याहून थोडे पश्चिमेला आहे, पण त्याची पर्वा कोणी केली नाही. नकाशावर नाव फेरोचे राहिले आणि मोजणी पॅरिसपासून होऊ लागली. वेधशाळेने पक्की केलेली नसलेली रेषा कागदावर टिकते, गणितात टिकत नाही. वॉशिंग्टनच्या चर्चेत हाच धडा निर्णायक ठरला.

## आगगाडी आणि तारायंत्राने घाई केली

नुसत्या जहाजांसाठी देशादेशांनी आणखी पन्नास वर्षे वजाबाक्या केल्या असत्या. पण रेल्वेने प्रश्न समुद्रावरून जमिनीवर आणला. जुन्या काळी प्रत्येक गाव आपल्या डोक्यावरच्या सूर्याने चाले आणि पायी किंवा घोड्यावरून जाणाऱ्याला शेजारच्या गावाचे घड्याळ चार मिनिटे पुढे असल्याचे काही वाटत नसे. आगगाडीच्या वेळापत्रकात मात्र तीच चार मिनिटे एकेरी रुळांवर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचा प्रश्न होतात. अमेरिकेत प्रत्येक रेल्वे कंपनी आपल्या मुख्य गावाची वेळ चालवत असे आणि अशा वेळा पन्नासच्या आसपास होत्या. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिका आणि कॅनडाच्या रेल्वेंनी त्या मोडून ग्रीनिचपासून पूर्ण तासांच्या फरकाने मोजलेले मोजके पट्टे स्वीकारले. हे सरकारी हुकमाने झाले नव्हते. कंपन्यांनी आपापसात ठरवले होते.

आपल्याकडेही हीच ओढाताण होती. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती आणि मद्रासची ५ तास २१ मिनिटे. रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले, त्यामुळे मुंबईकराला गाडी पकडायची तर शहराच्या घड्याळात अर्धा तास मिळवून घरून निघावे लागे.

तारायंत्राने दुसरी गोष्ट केली. त्याने दोन ठिकाणची घड्याळे एकाच क्षणी ताडून पाहता येऊ लागली आणि रेखांशातला फरक पूर्वी कल्पनाही नव्हती इतका नेमका मिळू लागला. शून्य एकच असावे ही मागणी पूर्वी नुसती इच्छा होती. आता ते शून्य जगभर पोचवण्याचे साधन हाती आले होते.

## वॉशिंग्टन, ऑक्टोबर १८८४

अमेरिकेचे अध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या निमंत्रणावरून १ ऑक्टोबर १८८४ रोजी वॉशिंग्टनला परिषद भरली. २५ देशांचे ४१ प्रतिनिधी आले होते. काही मुत्सद्दी होते, काही खगोलवेत्ते, काही नौदलाचे अधिकारी. ब्रिटनच्या बाजूने नेपच्यून ग्रहाच्या गणितामुळे प्रसिद्ध असलेले जॉन काउच अॅडम्स होते, कॅनडाकडून प्रमाणवेळेचा ध्यास घेतलेले रेल्वे अभियंते सॅन्फर्ड फ्लेमिंग, आणि इंडिया कौन्सिलचे सदस्य जनरल रिचर्ड स्ट्रॅची. फ्रान्सने सूर्याचा अभ्यास करणारे झूल जानसेन यांना पाठवले होते. तयारी आधीच झाली होती: १८८३ साली रोममध्ये भूमापन करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या संघटनेने ग्रीनिचची शिफारस केली होती.

एकच मूळ रेखावृत्त हवे, हा पहिला ठराव एकमताने मंजूर झाला. खरी लढत पुढे सुरू झाली. जानसेन यांचे म्हणणे असे होते की ही रेषा कोणत्याही राष्ट्राची नसावी. ती मोठ्या खंडांना न छेदता समुद्रातून जावी, म्हणजे बेरिंगच्या सामुद्रधुनीतून किंवा अझोर्स बेटांजवळून. मीटर हे माप कोणत्याही राजाच्या हातावरून न घेता पृथ्वीच्या परिघावरून घेतले गेले, तसेच हे शून्यही सर्वांचे असावे. हा युक्तिवाद मला आजही परिषदेतला सर्वांत उदात्त वाटतो. त्याला उत्तर मिळाले ते मात्र पक्के व्यवहारी होते. मूळ रेखावृत्त म्हणजे कागदावरची रेघ नव्हे. तिथे पक्क्या पायावर बसवलेली दुर्बीण लागते, रोज रात्री ताऱ्यांचे वेध घेणारी माणसे लागतात आणि तारायंत्राची जोडणी लागते. बेरिंगच्या सामुद्रधुनीत यातले काहीच नव्हते. तिथली रेषा शेवटी कुठल्या तरी वेधशाळेपासून इतके अंश दूर, अशीच सांगावी लागली असती, आणि मग फेरोचीच गोष्ट पुन्हा घडली असती. तटस्थ रेषेच्या सूचनेला तीनच मते पडली: फ्रान्स, ब्राझील आणि सान डोमिंगो, म्हणजे आजचे डोमिनिकन प्रजासत्ताक. विरोधात २१ मते गेली.

उरल्या मोठ्या वेधशाळा. त्यांतून निवड करताना ग्रीनिचच्या आकाशाचे किंवा तिथल्या दुर्बिणीच्या श्रेष्ठत्वाचे कौतुक कोणी फारसे केले नाही. फ्लेमिंग यांनी एक कोष्टक पुढे ठेवले. जगातल्या जहाजांपैकी ६५ टक्के आणि त्यांच्या वजनक्षमतेपैकी ७२ टक्के आधीच ग्रीनिचवरून रेखांश मोजत होती. दुसऱ्या क्रमांकावरच्या पॅरिसचा वाटा होता १० टक्के जहाजे आणि ८ टक्के वजनक्षमता. ग्रीनिच निवडले तर उरलेल्या २८ टक्क्यांना नकाशे, पंचांगे आणि सवयी बदलाव्या लागणार होत्या. दुसरे काहीही निवडले तर ७२ टक्के किंवा त्याहून अधिक जणांना. यजमान अमेरिकेला स्वतःची वॉशिंग्टनची वेधशाळा पुढे करता आली असती, पण तिची जहाजे ग्रीनिचचेच नकाशे वापरत होती आणि रेल्वेही नुकत्याच त्याच हिशेबावर आल्या होत्या. म्हणून ग्रीनिचचा ठराव अमेरिकेच्याच प्रतिनिधीने मांडला.

१३ ऑक्टोबरला मते मोजली गेली: बाजूने २२, विरोधात सान डोमिंगोचे १, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ. ठरावाचे शब्द पाहण्यासारखे आहेत. त्यात ग्रीनिच गाव मूळ मानलेले नाही. ग्रीनिचच्या वेधशाळेतील ट्रान्झिट यंत्राच्या मध्यातून जाणारे रेखावृत्त मूळ मानले आहे. हे यंत्र म्हणजे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी बसवलेली, फक्त उत्तर-दक्षिण दिशेत वरखाली फिरणारी दुर्बीण. तिच्या भिंगासमोर ताणलेल्या बारीक धाग्यांवरून तारा सरकताना त्याची वेळ नोंदायची, एवढेच तिचे काम.

## हा साम्राज्याचा विजय नव्हता का?

काही प्रमाणात नक्कीच होता. ६५ टक्के जहाजे ग्रीनिचवरून मोजत होती यामागे ब्रिटिश व्यापार, ब्रिटिश आरमार आणि ब्रिटनने जगभरच्या किनाऱ्यांची केलेली मोजणी होती. आणि ही मोजणी साम्राज्यामुळेच शक्य झाली. भारतीय माणसाचे मत त्या परिषदेत कोणी विचारले नाही; भारताच्या नावाने जनरल स्ट्रॅची बसले होते. पण ठरावाच्या बाजूची २२ मते ब्रिटनच्या धाकाने पडली असे म्हणणे अवघड आहे. जपान, रशिया, जर्मनी, तुर्कस्तान यांना हवे असते तर तेही फ्रान्सप्रमाणे तटस्थ राहू शकले असते. शिवाय हा ठराव कोणावर बंधनकारक नव्हता. जपानने दोनच वर्षांनी, १८८६ साली, आपली वेळ ग्रीनिचच्या पूर्वेच्या १३५ अंशांवर बांधली. फ्रान्सने मात्र २७ वर्षे घेतली. १९११ साली तिथे जो कायदा झाला त्यात ग्रीनिचचे नाव नाही. ‘पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटे २१ सेकंदांनी मागे घेतलेली’ ही देशाची कायदेशीर वेळ ठरवली गेली. गणिताने ती ग्रीनिचचीच वेळ होते. राष्ट्राभिमान आणि वेळापत्रक दोन्ही सांभाळणारे यापेक्षा चतुर वाक्य कायद्याच्या पुस्तकात क्वचितच सापडेल.

मुंबईनेही असाच हट्ट धरला. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवर, म्हणजे ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे ठरली. तिच्या तुलनेत मुंबईची सूर्याची वेळ ३९ मिनिटे मागे पडते, आणि शहराने ती १९५५ पर्यंत सोडली नाही.

## आता शून्य उज्जैनला आणले तर?

गणिताच्या दृष्टीने काहीच बिघडणार नाही. कुठलेही रेखावृत्त चालते, म्हणून उज्जैनचेही चालेल. कुलाबा २ अंश ५७ कला पश्चिम होईल, भारताची प्रमाणवेळ नव्या शून्याच्या सुमारे २७ मिनिटे पुढे जाईल, आणि १८० अंशांच्या आसपास पॅसिफिकमधून जाणारी वाररेषा तशीच ठेवायची तर ती नव्या रेखांशांत सुमारे १०४ अंशांवर सांगावी लागेल. शून्याच्या बरोबर विरुद्ध येणारी रेषा मात्र अमेरिकेवरून जाईल. ग्रीनिचच्या विरुद्ध रेषेवर बहुतांशी समुद्र आहे; ग्रीनिचला फुकट मिळालेली ही एक सोय, जिचा विचार मोजणी सुरू करताना कोणी केला नव्हता.

बिघडेल ते व्यवहारात. प्रत्येक नकाशा, जमिनीची प्रत्येक मोजणी, विमानांचे मार्ग आणि फोनमधले प्रत्येक स्थान ज्या शून्यावर उभे आहे ते बदलावे लागेल, आणि बदलाच्या काळात जुना आकडा कुठला आणि नवा कुठला हे ओळखता येणार नाही. पाथर्डीत मुंबई बंदर सापडण्याची अवस्था पुन्हा येईल. १८८४ साली २८ टक्क्यांना बदलायचे होते. आज सगळ्यांनाच बदलावे लागेल.

## पण ग्रीनिचची रेषाही जागची हललीच ना?

हो, आणि याची प्रचिती तिथे गेलेल्या कुणालाही घेता येते. वेधशाळेच्या अंगणात जमिनीत बसवलेल्या रेषेच्या दोन बाजूंना पाय ठेवून लोक फोटो काढतात. त्याच जागी हातातल्या फोनवर रेखांश पाहिला तर तो शून्य दाखवत नाही. `0°00′05″ W` असे काहीतरी, म्हणजे शून्याच्या पाच विकला पश्चिमेला, दाखवतो. विकला म्हणजे कलेचा साठावा भाग. उपग्रहांचे शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला, शेजारच्या उद्यानातून जाते.

कोणाची मोजणी चुकली असे नाही. एअरींची दुर्बीण सरळ उभी आहे की नाही हे पाऱ्याच्या थाळीवरून पाहिले जाई. पाऱ्याचा पृष्ठभाग गुरुत्वाच्या ओढीशी काटकोनात असतो, पण जमिनीखालचे वस्तुमान सगळीकडे सारखे नसल्यामुळे ती ओढ अगदी नेमकी पृथ्वीच्या केंद्राकडे नसते. ओळंबा किंचित कलतो. त्यामुळे दुर्बिणीचे प्रतल पृथ्वीच्या आसातून न जाता किंचित बाजूने गेले. उपग्रह मात्र पृथ्वीच्या केंद्राभोवती फिरतात, म्हणून त्यांच्या मोजणीत शून्याचे प्रतल आसातूनच जावे लागते. वेळेची मोजणी तुटू नये यासाठी त्याची दिशा जुन्या प्रतलाला समांतर ठेवली गेली, आणि दोन समांतर प्रतलांमधले अंतर जमिनीवर १०२ मीटर भरले.

एअरींच्या दुर्बिणीतून आता जगाची वेळ काढली जात नाही. जगाची प्रमाणवेळ आज अनेक देशांतल्या अणुघड्याळांच्या नोंदी एकत्र करून ठरवली जाते, आणि ही आकडेमोड होते ती पॅरिसजवळच्या सेव्र येथील, मीटरच्या करारातून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयात.